आजोबांच्या चेहऱ्यावरची चौकडी: छापील फोटोतली जाळी काढण्याचं एक प्रकरण

ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात उदगीरच्या एका ताईंनी मोबाइलवर एक फाइल पाठवली. खाली मजकूर होता, "दादा, आजोबांचा हा एकच फोटो आहे. १७ सप्टेंबरला लावायचाय. जमतंय का बघा." फाइल उघडली तर पाच माणसं ओळीनं उभी होती आणि सगळ्यांच्या अंगावर, चेहऱ्यावर, मागच्या भिंतीवर एकसारखी चौकडी पसरलेली. डावीकडून दुसऱ्या, टोपी आणि चष्मा घातलेल्या आजोबांच्या तोंडावर तर चार पट्टे स्पष्ट मोजता येत होते.

आजोबा हैदराबाद मुक्तिसंग्रामात सरहद्दीवरच्या एका कॅम्पात होते. घरात त्यांचा फोटो उरला नव्हता. १९७३ साली, मुक्तीला २५ वर्षं झाली तेव्हा गावात एक स्मरणिका निघाली होती. तिच्यातला हा छापील फोटो एवढीच आठवण. जुन्या छापील फोटोंची अशी कामं माझ्याकडे लातूरला बरीच येतात आणि चौकडीची तक्रार त्यात ठरलेली असते. हे प्रकरण सविस्तर लिहितोय, कारण यात जाळी नेमकी कुठे शिरली आणि कुठून बाहेर काढावी लागली, हे आकड्यांसकट दाखवता येतं.

आधी एक गोष्ट तपासली, जी बरेच जण विसरतात. जाळी फाइलमध्ये आहे की फक्त आपल्या मॉनिटरवर दिसतेय? फोटो १०० टक्क्यांवर पाहिला, मग २०० वर. पट्टे झूमबरोबर दुप्पट मोठे झाले, पण फोटोतल्या ज्या जागी होते तिथेच राहिले. म्हणजे ते फाइलमध्येच होते. झूम बदलला की जाळीची रुंदी भलतीच बदलते किंवा ती नाहीशी होते, तेव्हा ती मॉनिटरवर लहान करून दाखवताना तयार झालेली असते, आणि फाइलला हात लावायची गरज नसते.

आता ही चौकडी आली कुठून? १९७३ च्या स्मरणिकेतला फोटो हाफटोन ब्लॉकवरून छापलेला. काळी शाई एकच, करड्या छटा नाहीत. गडद जागी ठिपके मोठे, उजळ जागी बारीक, आणि सगळे ४५ अंशात तिरप्या ओळींमध्ये मांडलेले. या ब्लॉकचा स्क्रीन पुढे मोजला तेव्हा १०० निघाला, म्हणजे ठिपक्यांच्या ओळीच्या दिशेनं एका इंचात १०० ठिपके. ताईंनी गावातल्या एका दुकानातून १५० डीपीआयवर स्कॅन करून घेतलं होतं. स्कॅनरची स्वतःचीही एक जाळी असते, इंचात १५० पिक्सेलची. दोन जाळ्या एकमेकींवर पडल्या.

हिशोब सोपा आहे. तिरप्या ओळी आडव्या दिशेनं मोजल्या तर ४५ अंशामुळे इंचाला ७०.७ लाटा पडतात, आणि दोन्ही तिरप्या दिशा मिळून आडवी-उभी १४१.४ ची लाट तयार होते. १५० पिक्सेलमध्ये जास्तीत जास्त ७५ लाटा प्रामाणिकपणे नोंदल्या जातात. १४१.४ ची लाट त्यात मावत नाही, म्हणून ती खोटं रूप घेऊन उतरते: १५० वजा १४१.४, म्हणजे इंचाला ८.६ पट्टे. एक पट्टा जवळपास ३ मिलिमीटरचा, फाइलमध्ये १७ पिक्सेलांचा. ७०.७ ची लाट मावते, पण अगदी काठावर, त्यामुळे तीही दर १७ पिक्सेलांनी ठळक-पुसट होत राहते. ताईंच्या फाइलमध्ये मोजलं तर १७ वरच पट्टा पुन्हा येत होता.

याच ठिकाणी पहिला प्रयत्न फसतो, आणि तो का फसतो हे नीट कळायला हवं. ताईंच्या भाच्यानं ती फाइल मोबाइलवर ब्लर करून पाहिली होती. पट्टे किंचित मऊ झाले, चेहरा मात्र पार गेला. छापील फोटोत आजोबांचं डोकं १२ मिलिमीटर रुंद, डोळा अडीच मिलिमीटरचा. पट्टा ३ मिलिमीटरचा. म्हणजे खोट्या पट्ट्याचा आकार आणि डोळ्याचा आकार एकच. गाळणीला दोन्ही सारखेच दिसतात. जे गाळून पट्टा जाईल त्याबरोबर डोळाही जाणार. त्या फाइलमधून काम करण्यात अर्थ नव्हता. मी ताईंना सांगितलं, "स्मरणिकाच घेऊन या, पान फाडू नका." चार दिवसांनी त्या स्वतः लातूरला आल्या, पंच्यात गुंडाळलेली स्मरणिका हातात धरून.

दुसरं स्कॅन १२०० डीपीआयवर केलं. १०० च्या स्क्रीनला १२०० म्हणजे एका ठिपक्याच्या घराला १२ पिक्सेल. इतक्या बारकाईत ठिपका ठिपक्यासारखाच दिसतो, त्याचं खोटं रूप होत नाही. स्कॅनरच्या सेटिंगमधलं डीस्क्रीन, म्हणजे ठिपके आपोआप पुसायची सोय, बंद केलं, शार्पन बंद, आपोआप कॉन्ट्रास्ट बंद, करड्या रंगात टिफ फाइल. जेपेग घ्यायची नाही, कारण ती ८ बाय ८ पिक्सेलांचे चौकोन करून माहिती दाबते आणि आपल्याला जे ठिपके शुद्ध हवे आहेत तेच खरवडते.

सगळ्यात जास्त वेळ पान सपाट करण्यात गेला. स्मरणिका मध्ये शिवलेली. शिवणीजवळ पान काचेवरून वर उचललं की तिथले ठिपके स्कॅनरला एकमेकांजवळ सरकलेले दिसतात, आणि मग जाळी सगळीकडे एकसारखी राहत नाही. शिवण उसवायची नव्हती. म्हणून पानामागे काळा कागद ठेवला, म्हणजे पाठीमागचा मजकूर झिरपून दिसणार नाही, आणि वर जाड काचेची तावदानी पट्टी ठेवून हळू दाब दिला. फोटो शिवणीपासून चार बोटं लांब होता हे नशीब. चित्र आणि भोवतीचा थोडा कोरा कागद धरून ४ इंच चौरस तुकडा घेतला: ४८०० बाय ४८०० पिक्सेल. कोरा कागद मुद्दाम घेतला, त्याचा उपयोग पुढे येतो. पान किंचित वाकडं आलं असतं तरी आधी सरळ केलं नसतं. फिरवताना पिक्सेल नव्यानं मोजले जातात आणि ठिपके मळतात. फिरवायचं ते जाळी निघाल्यावर.

आता जाळी काढायची तर ती चेहऱ्यापासून वेगळी दिसायला हवी. फुरिये रूपांतर हेच करून देतं. चित्रातल्या सगळ्या लाटा सुट्या करून ते एका नकाशावर मांडतं. मध्यभागी सावकाश बदलणाऱ्या छटा, बाहेर जावं तसा बारीक तपशील. चेहरा, कपडे, भिंत यांचा धूसर ढग मध्यभागी पसरतो. ठिपक्यांची जाळी मात्र एकाच मापाची आणि ठरलेल्या दिशेची, त्यामुळे ती ढगाबाहेर चांदण्यांसारखी सुटी चमकते. गिंपच्या जीमिक प्लगइनमध्येही हे रूपांतर मिळतं. मी पायथन वापरतो, कारण आकडा बदलून तेच काम पुन्हा करून बघता येतं.

```python
import numpy as np
from PIL import Image

im = Image.open("scan.tif").convert("L")
a = np.asarray(im).astype(float)
F = np.fft.fftshift(np.fft.fft2(a))
S = np.log1p(np.abs(F))
S = (255 * S / S.max()).astype("uint8")
Image.fromarray(S).save("spectrum.png")
```

`spectrum.png` उघडल्यावर चार तिरप्या चांदण्या लगेच दिसल्या. केंद्र २४००, २४०० वर. तिथून प्रत्येक चांदणी २८३ आडवी आणि २८३ उभी, म्हणजे सरळ अंतर ४००. तुकडा ४ इंचांचा असल्यामुळे ४०० ला ४ नं भागलं की १०० मिळतं. स्क्रीन १०० चा हे असं कळलं. खात्रीसाठी स्कॅन मोठं करून ठिपक्यांच्या तिरप्या ओळीत १० घरं मोजली, १२० पिक्सेल भरले. दोन्ही जुळलं. याशिवाय केंद्राच्या अगदी उजवी-डावीकडे आणि वर-खाली, ५६६ अंतरावर आणखी चार चांदण्या होत्या. पहिल्या स्कॅनमध्ये ३ मिलिमीटरचे पट्टे होऊन बसलेली १४१.४ ची लाट ती हीच.

या आठ जागा झाकायच्या. झाकण कडक काठाचं नको, हळूहळू विरत जाणारं हवं.

```python
y, x = np.ogrid[:4800, :4800]
p, q, r = 283, 566, 24
pts = [(p,p),(p,-p),(-p,p),(-p,-p),
       (q,0),(-q,0),(0,q),(0,-q)]
M = np.ones((4800, 4800))
for dy, dx in pts:
    d2 = (y-2400-dy)**2 + (x-2400-dx)**2
    M *= 1 - np.exp(-d2 / (2*r*r))
b = np.fft.ifft2(np.fft.ifftshift(F*M)).real
b = np.clip(b, 0, 255).astype("uint8")
Image.fromarray(b).save("notch.tif")
```

चांदण्या नेहमी जोडीनं असतात, केंद्राच्या समोरासमोर. जोडीतली एकच झाकली तर जाळी पुरती जात नाही. आणि केंद्राला कधीही हात लावायचा नाही, चित्राची एकूण उजळता तिथे असते.

खरा निर्णय `r` चा, म्हणजे झाकण केवढं. वर २४ लिहिलंय, पण तिथे तिसऱ्या खेपेला पोहोचलो.

पहिल्यांदा ८ घेतलं, कारण कमीत कमी खोडावं असं वाटतं. भिंत एकदम स्वच्छ झाली. पण टोपीच्या कडेला आणि खांद्यावर ठिपके तसेच राहिले. शिवाय चौकटीबाहेरच्या कोऱ्या कागदावर, जिथे मुळात एकही ठिपका छापलेला नव्हता, तिथे दोन-चार मिलिमीटरपर्यंत पुसट ठिपके उगवले. मुद्दाम घेतलेला कोरा कागद इथे कामी आला. कारण असं: चिमुकलं झाकण म्हणजे आजूबाजूच्या मोठ्या भागाची सरासरी जाळी काढून ती सगळीकडून वजा करणं. जिथे जाळी होती तिथे ती जाते, जिथे नव्हती तिथे तिची उलटी छाप उमटते. टोपीच्या कडेलाही तेच. तिथे ठिपका झपकन लहान-मोठा होतो आणि सरासरी त्याच्या मागे पडते. कोऱ्या कागदावर भुताटकीचे ठिपके दिसले की झाकण लहान पडलंय हे निश्चित समजावं.

मग ६० घेतलं. कोरा कागद कोरा राहिला, टोपीची कड स्वच्छ. पण चेहरा जरा बोथट वाटला. वाटण्यावर न जाता मी वजाबाकी करून पाहिली: मूळ स्कॅनमधून निकाल वजा करायचा आणि फरक उजळ करून बघायचा. या फरकात आपण काय काय फेकलं ते दिसतं. तिथे ठिपके दिसणारच. ठिपके लहान-मोठे असल्यामुळे माणसांच्या आकृत्याही पुसट ओळखू येतात, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. सलग रेघ मात्र दिसता कामा नये. ६० च्या फरकात आजोबांच्या चष्म्याची काडी आणि वरची फ्रेम सलग रेघेसारखी उभी होती. म्हणजे ती चित्रातून निघून फरकात गेली होती. २४ वर फरकात फक्त ठिपके राहिले आणि कोऱ्या कागदावरची छाप अर्ध्या-पाऊण मिलिमीटरच्या आत आटोपली. तिथे थांबलो. हे २४ दुसऱ्या कुठल्या चित्राला लागू पडेल असं नाही. बघायच्या खुणा मात्र याच दोन, कोरा कागद आणि वजाबाकी.

आठ चांदण्यांपलीकडेही बारीक चांदण्या होत्या. त्यांना एकेक करून झाकत बसलो नाही. `notch.tif` वर अडीच पिक्सेलांचा गॉसियन ब्लर दिला, त्यात त्या विरल्या. कुणी म्हणेल, ब्लरच द्यायचा होता तर एवढा खटाटोप का? फक्त ब्लरनं ही जाळी घालवायची तर १२०० डीपीआयवर ६ पिक्सेलांचा लागतो. करून पाहिला. त्यात इंचाला ४० लाटांचा तपशील, म्हणजे भुवईचे केस, चष्म्याची फ्रेम असलं काही, निम्म्याहून कमी जोरानं उरतो. आधी चांदण्या झाकून मग अडीचचा ब्लर दिला तर तोच तपशील जवळपास ८७ टक्के राहतो. ६ च्या ब्लरमध्ये चष्मा आणि डोळा मिळून एक काळा डाग झाला होता. या रीतीत फ्रेम वेगळी दिसली आणि तिच्या आत डोळा वेगळा.

एक बिघाड मात्र झाला. चित्राभोवती छापलेल्या चौकटीच्या सरळ रेघांचं नकाशावर केंद्रातून जाणारं उभं-आडवं क्रॉस पडतं, आणि ५६६ वरच्या चार चांदण्या नेमक्या त्या क्रॉसवर होत्या. त्या झाकल्यावर चौकटीच्या रेघेलगत आणि खालच्या नावांच्या अक्षरांना बारीक तरंग आले. यावर गणिती उपाय शोधत बसलो नाही. चौकट आणि नावं मूळ स्कॅनमधून उचलून मास्कनं पुन्हा वर बसवली. तिथे छटा नव्हत्याच, नुसती काळी शाई, त्यामुळे तिथे जाळीही नव्हती.

यानंतर चित्र चौथाईवर, ३०० डीपीआयला आणलं. हा क्रम उलटा चालत नाही. आधी लहान करून मग जाळी काढायला गेलं की आपण पुन्हा त्या गावच्या दुकानातल्या स्कॅनवर येऊन पोहोचतो. थोडं शार्पन, कागदाचा पिवळेपणा जाईल इतपत लेव्हल्स, एवढंच.

ताईंना आजोबांचा एकट्याचा १२ बाय १८ चा फ्रेम हवा होता. तो मी दिला नाही. छापील चेहरा १२ मिलिमीटरचा, त्यात आडवे जेमतेम ४७ ठिपके, डोळ्यात १०. त्यापलीकडे चेहऱ्याबद्दल कागदावर काही लिहिलेलंच नाही. जाळी काढून ते उगवत नाही. नसलेल्या सुरकुत्या आणि पापण्या रंगवून मोठा फोटो करता आला असता, पण मग तो आजोबांसारखा कुणीतरी झाला असता. तिप्पट केला, चेहरा साडेतीन सेंटिमीटरचा. ५ बाय ७ मध्ये खांद्यापर्यंत छान बसला. ताई बराच वेळ बघत राहिल्या, मग म्हणाल्या, "चष्मा तुटलेला होता म्हणे त्यांचा, दोऱ्यानं बांधलेला." काडीच्या मुळाशी खरोखरच एक जाडसर गाठ दिसत होती. ६ च्या ब्लरमध्ये ती मला दिसली नव्हती.

१७ सप्टेंबरच्या कार्यक्रमात तोच फोटो मंचामागच्या एलईडी भिंतीवर लावला. दुसऱ्या दिवशी ताईंनी कार्यक्रमाचे फोटो पाठवले आणि आजोबांच्या चेहऱ्यावर पुन्हा जाळी, या वेळी हिरवी-गुलाबी, धनुष्यासारखी वाकलेली. स्मरणिकेचे ठिपके यात नव्हते. भिंतीवरच्या एलईडी दिव्यांची जाळी आणि कॅमेऱ्याच्या सेन्सरची जाळी यांची ही टक्कर. सेन्सरवर लाल, हिरवे, निळे पिक्सेल वेगवेगळ्या जागी असतात, त्यामुळे प्रत्येक रंगाचा पट्टा वेगळ्या ठिकाणी पडतो आणि जाळी रंगीत होते. ती वाकते कारण कॅमेरा तिरपा असला की लांबच्या टोकाचे दिवे एकमेकांजवळ सरकलेले दिसतात. इथे फुरियेची चांदणी सुटी मिळत नाही, माप जागोजागी बदलत असल्यामुळे ती पसरून ढगात मिसळते.

त्यांच्याच एका फोटोत, सत्काराला उभ्या असलेल्या काकांच्या बारीक रेघांच्या शर्टावर तसेच हिरवे-गुलाबी ढग होते. बाजूच्या फोटोत काका दोन पावलं पुढे आले होते, तिथे शर्ट स्वच्छ. अंतर बदललं की सेन्सरवर पडणाऱ्या रेघांचं माप बदलतं, म्हणून कार्यक्रमात असं दिसलं की फोटोग्राफरनं दोन पावलं पुढे-मागे व्हावं, झूम थोडा बदलावा, किंवा मागच्या भिंतीचा फोटो असेल तर फोकस भिंतीवर न ठेवता पुढच्या माणसावर ठेवावा. हे सगळं फोटो काढतानाच होतं.

काढून झालेल्या फोटोत मी रंग आणि उजळता वेगळी केली. लॅब मोडमध्ये `a` आणि `b` या दोन चॅनलांवर, फक्त शर्टाच्या आणि भिंतीच्या निवडलेल्या भागात, रंगाचा पट्टा विरेल इतका ब्लर दिला, आणि उजळतेचा `L` तसाच ठेवला. शर्टाची वीण शाबूत राहिली, हिरवा-गुलाबी गेला. निवड शर्टाच्या कडेपर्यंत नेमकी हवी, नाहीतर हाताचा रंग शर्टात उतरतो. फोटोशॉपच्या कॅमेरा रॉमधला मॉयरेचा, म्हणजे अशा जाळीसाठीचा, ब्रशही ढोबळमानानं रंगावरच असं काम करतो. उजळतेतले फिकट पट्टे मात्र राहिले. ते घालवायला रेघाच पुसाव्या लागल्या असत्या. काकांच्या शर्टावर ते तसेच ठेवून फोटो दिला. भिंतीवरच्या आजोबांच्या बाबतीत सोपा मार्ग होता: त्या चौकोनात स्वच्छ केलेली ३०० डीपीआयची फाइल कोनात बसवली आणि भिंतीच्या उजेडाइतकी उजळ केली. ताईंना तसं सांगूनच केलं.

पेनड्राइव्हवर तीन फाइली दिल्या: फ्रेमसाठीची, पाचही जणांची, आणि १२०० ची ठिपक्यांसकट कच्ची टिफ. स्मरणिकेचं पान अजून पिवळं पडेल आणि ती टिफ तेव्हा लागेल. फोटोतल्या बाकी चार जणांची नावं खाली छापलेली आहेत. त्यांतल्या दोन घरांचा पत्ता ताईंना लागला आहे.